चांदीचा छर्रा

मुलांनो, गेल्या रविवारी आमच्या घरी एक मोठा शोध लागला. गॅरेजमधून आणलेला बेअरिंगचा एक छर्रा, तेलकट, काळपट, अर्ध्या इंचाचा, तो चक्क चांदीचा निघाला! आणि तेवढ्यावरच थांबला नाही. तो हवेपेक्षाही हलका निघाला. म्हणजे हातातून सुटला तर फुग्यासारखा छताला जाऊन चिकटायचा.

हा शोध लावला माझ्या नववीतल्या भाचीने. शाळेच्या चाचणीत तिला प्रात्यक्षिकावर चार गुणांचं एक उदाहरण होतं, आणि त्यात तिला दोनच मिळाले होते. उत्तरपत्रिका माझ्यापुढे आपटून म्हणाली, "मामा, सूत्र बरोबर, किमती बरोबर घातल्या, आकडेमोड दोनदा तपासली. मग गुण कशाचे कापले?"

मी आपला चौथीचा मास्तर. पण घरातल्या सगळ्या मुलांच्या उत्तरपत्रिका शेवटी माझ्याच टेबलावर येतात. म्हटलं, आण बघू.

प्रश्न असा होता. धातूचा एक छर्रा दिलेला आहे. व्हर्निअर कॅलिपरने त्याचा व्यास मोजा, तराजूवर वस्तुमान मोजा, घनता काढा आणि सोबतच्या तक्त्यावरून धातू ओळखा. घनता किलोग्रॅम प्रति घनमीटर या एककातही लिहा. तक्त्यात ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये पाच आकडे होते: ॲल्युमिनियम २.७, पोलाद ७.८, तांबे ८.९, चांदी १०.५ आणि शिसे ११.३.

मोजमाप तिने झकास घेतलं होतं. व्यास १.२७ सेमी, वस्तुमान ८.४ ग्रॅम. अर्धा इंच म्हणजे १.२७ सेमीच, तेव्हा व्यासाबद्दल शंकाच नको. घनता म्हणजे वस्तुमान भागिले घनफळ, आणि गोलाचं घनफळ म्हणजे ४/३ × π × त्रिज्येचा घन. इथवर तिचे दोन गुण पक्के झाले. आता पुढच्या पायऱ्या तिच्याच कागदावरून उतरवतो. तुम्हीही पेन्सिल घेऊन बसा.

त्रिज्या म्हणजे १.२७ भागिले २, म्हणजे ०.६३५. बाईसाहेबांनी लिहिलं, "०.६ घेऊ." मग ०.६ चा घन ०.२१६. "०.२ घेऊ." त्याला ३.१४ ने गुणलं, ०.६२८ आलं. "०.६ घेऊ." त्याला ४/३ ने गुणलं, आलं ०.८. मग ८.४ भागिले ०.८, बरोबर १०.५! तक्त्यात बघितलं तर चांदीपुढे तंतोतंत १०.५ लिहिलेलं. एवढा सुरेख मेळ बसल्यावर कोणाला शंका येणार? तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, "छर्रा चांदीचा आहे."

मी तिला म्हटलं, कंपासपेटी आण. तिच्या पेटीच्या झाकणाला बंद होण्यासाठी छोटं चुंबक आहे. छर्रा जवळ नेला, टक्क करून चिकटला. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे तिला ठाऊक होतं. बराच वेळ ती कधी पेटीकडे तर कधी कागदाकडे बघत राहिली.

आता आपण तेच उदाहरण मध्ये कुठेही अंक न कापता करू. ०.६३५ चा घन ०.२५६०४७..., आपण ०.२५६० घेऊ. गुणिले ३.१४ म्हणजे ०.८०३८. गुणिले ४, भागिले ३, म्हणजे १.०७१८ घनसेंटिमीटर. ८.४ ला १.०७१८ ने भागलं की ७.८३७... येतं. म्हणजे पोलाद. चुंबकाचंही तेच म्हणणं होतं.

गंमत बघा, तिने एकही गुणाकार चुकवला नव्हता. तिने फक्त तीन वेळा "घेऊ" म्हटलं होतं.

पहिलं "घेऊ" सगळ्यात महागात पडलं. ०.६३५ ऐवजी ०.६ घेतलं, म्हणजे त्रिज्या शंभरात साडेपाच भाग कमी झाली. हे फार वाटत नाही. पण घनफळात त्रिज्या तीन वेळा गुणली जाते, त्यामुळे खोटही जवळजवळ तिप्पट होते. ०.२५६ च्या जागी ०.२१६ आलं, म्हणजे शंभरात सोळा भागांच्या जवळपास घट. कुठल्याही सूत्रात वर्ग किंवा घन दिसला की तिथे जाणाऱ्या आकड्याला कात्री लावायच्या आधी हे आठवा.

पुढची दोन "घेऊ" त्याच दिशेची होती. ०.२१६ चं ०.२ झालं, ०.६२८ चं ०.६ झालं. तिन्ही वेळा आकडा खालीच गेला. घनफळ १.०७ पाहिजे होतं ते ०.८ वर आलं. आणि भाजक लहान झाला की भागाकार फुगतो. तसा फुगून ७.८ चा झाला १०.५. तांब्याला ओलांडून चांदीवर जाऊन बसला!

"पण मामा," ती म्हणाली, "वर्गात काचेच्या गोटीचं उदाहरण मी असंच केलं होतं, ते बरोबर आलं होतं." वही आणायला लावली. खरंच की! गोटीचा व्यास १.५८ सेमी, वस्तुमान ५.२ ग्रॅम. त्रिज्या ०.७९, तिने ०.८ घेतलेली. घन ०.५१२, घेतला ०.५. गुणिले ३.१४ म्हणजे १.५७, घेतलं १.६. गुणिले ४/३ म्हणजे २.१३, घेतलं २.१. शेवटी ५.२ भागिले २.१, आलं २.५. न कापता केलं तरी २.५ च येतं. इथे ०.७९ चं ०.८ होताना आकडा वर गेला, ०.५१२ चं ०.५ होताना खाली आला, पुन्हा एकदा वर, पुन्हा एकदा खाली. वर-खाली होऊन हिशेब फिटला. नशीब! पण त्या एका बरोबर उत्तरामुळे तिला वाटलं की आपली रीतच बरोबर आहे.

मग करायचं काय? दोन वाटा आहेत. एक म्हणजे मधल्या पायऱ्यांत हवेत त्यापेक्षा एक-दोन अंक जास्त ठेवायचे, जसे आपण वर ०.२५६० ठेवले. दुसरी वाट मला जास्त आवडते. मधे भागाकार करायचाच नाही. सगळं एकाच अपूर्णांकात मांडायचं. वर ८.४ × ३, खाली ४ × ३.१४ × ०.६३५ चा घन. म्हणजे वर २५.२, खाली १२.५६ × ०.२५६० = ३.२१५. आता एकच भागाकार, आणि "घेऊ" म्हणायची पाळी एकदाच, अगदी शेवटी. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, तेव्हा ही रीत वेळही वाचवते. काटाकाटी करायला कधीकधी अंकही सापडतात.

आता तुम्ही विचाराल, शेवटी तरी किती अंक ठेवायचे? भाचीच्या बाकावरच्या मैत्रिणीने रीत बरोबर करून उत्तर ७.८३७३ असं लिहिलं होतं. तिचाही अर्धा गुण गेला. ती म्हणे रडकुंडीला आली होती, "मी तर जास्तच अचूक लिहिलं!"

जास्त अचूक होतं का ते? शाळेतला तराजू ग्रॅमचा दहावा भागच दाखवतो. त्याने ८.४ दाखवलं, म्हणजे खरं वस्तुमान ८.३५ ते ८.४५ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. नक्की कुठे, ते तराजूला माहीत नाही, तुम्हाला नाही, मलाही नाही. आता ८.३५ घेऊन घनता काढली तर येते ७.७९. आणि ८.४५ घेऊन काढली तर ७.८८. व्यासातही थोडी शंका आहेच, ती मिळवली तर हे अंतर आणखी वाढतं. म्हणजे दशांश चिन्हापुढचा पहिला अंक ८ हाच थोडा डळमळीत आहे. मग त्याच्यापुढचे ३, ७, ३ कुठून आले? ते छर्ऱ्यातून आले नाहीत, भागाकारातून आले. भागाकार करत बसलात तर असे अंक कागद संपेपर्यंत निघतील.

मोजमापातून खरोखर मिळालेले अंक म्हणजे सार्थ अंक. त्यातला शेवटचा अंक अंदाजाचा असतो, बाकीचे खात्रीचे. ८.४ मध्ये दोन सार्थ अंक आहेत, १.२७ मध्ये तीन. गुणाकार-भागाकाराच्या उदाहरणात ज्या मापात सगळ्यात कमी सार्थ अंक, तितकेच उत्तरात ठेवायचे. इथे कमी म्हणजे दोन. म्हणून उत्तर ७.८. बेरीज-वजाबाकीचा नियम थोडा निराळा आहे, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.

इथे एक फसगत होते. व्यास भागिले २ केलं, त्यातल्या २ ला एकच अंक आहे, मग उत्तरात एकच अंक ठेवायचा का? तर नाही. तो २ कोणी मोजून आणलेला नाही. व्यासात दोन त्रिज्या असतात, २.१ नसतात आणि १.९ही नसतात. सूत्रातले ४ आणि ३ सुद्धा तसेच पक्के आकडे. ते मोजदादीत धरायचे नाहीत. π मात्र आपण ३.१४ घेतला तो कापलेला आहे. त्याचे तीन अंक घेतले, आपल्याला उत्तरात दोनच हवे आहेत, म्हणून चाललं. तिथे नुसता ३ घेतला असता तर शंभरात साडेचार भागांची खोट आली असती.

आता त्या हवेपेक्षा हलक्या छर्ऱ्याकडे वळू. १०.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर एवढी घनता आल्यावर भाचीने एकक बदललं. ग्रॅमचे किलोग्रॅम करायला १००० ने भागलं. ठीक. सेंटिमीटरचे मीटर करायला १०० चा हिशेब धरला. उत्तर लिहिलं १.०५ किलोग्रॅम प्रति घनमीटर. आता आपल्या आजूबाजूची हवा साधारण १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. म्हणजे छर्रा हवेत तरंगायला हवा!

चूक कुठे झाली ते डोळ्यांपुढे आणा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असं खोकं घ्या. त्यात एक-एक सेंटिमीटरचे ठोकळे रचा. एका ओळीत १०० ठोकळे. तळावर अशा १०० ओळी, म्हणजे १०,००० ठोकळे. आणि असे थर १००. एकूण ठोकळे १०,००,०००. घनमीटरमध्ये १०० नव्हे, दहा लाख घनसेंटिमीटर मावतात. तिने एकच ओळ धरली आणि उरलेलं खोकं रिकामं सोडलं.

पोलादाचा एक ठोकळा ७.८ ग्रॅमचा. दहा लाख ठोकळे म्हणजे ७८ लाख ग्रॅम. भागिले १०००, म्हणजे ७८०० किलोग्रॅम. थोडक्यात ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरला १००० ने गुणायचं. पण नुसतं "हजारने गुणायचं" पाठ केलंत तर परीक्षेत गुणायचं की भागायचं यावर गाडी अडते. त्यापेक्षा पाणी आठवा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत एक घनमीटर पाणी असतं, आणि ते १००० किलो भरतं. पाण्याची घनता दुसऱ्या एककात १ आहे. छर्रा पाण्यात बुडतो ना? मग त्याचं उत्तर १००० पेक्षा मोठंच आलं पाहिजे. १.०५ आलं की तिथेच पेन खाली ठेवून मागे वळून बघायचं.

एकक बदलल्याने सार्थ अंक मात्र वाढत नाहीत. भाचीने दुसऱ्यांदा करताना ७८३७ किलोग्रॅम प्रति घनमीटर लिहिलं. का, तर "मोठा आकडा आहे, दशांश कुठे आहे मामा?" दशांश चिन्ह नसलं म्हणून काय झालं? ७.८ मध्ये दोनच अंक सार्थ होते, तर इथेही दोनच. ७८०० लिहायचं. पण ७८०० बघणाऱ्याला कळत नाही की शेवटची शून्यं मोजलेली आहेत की जागा भरायला आलेली. म्हणून ७.८ × १०³ किलोग्रॅम प्रति घनमीटर असं लिहिलं की सगळ्यात स्वच्छ.

उलट बाजूचीही गडबड होते. तिने तिसऱ्यांदा ठरवलं, आधीच मीटर करून घेऊ म्हणजे शेवटी कटकट नको. विचार उत्तम. ०.६३५ सेमी म्हणजे ०.००६३५ मीटर. आणि लगेच हात शिवशिवला, "दशांश चिन्हानंतर दोन स्थळं घ्यायची, म्हणजे ०.०१." आता अर्ध्या इंचाच्या छर्ऱ्याची त्रिज्या एक सेंटिमीटर झाली, आणि घनफळ जवळजवळ चौपट! ०.००६३५ मधली सुरुवातीची शून्यं फक्त दशांश चिन्ह कुठे आहे ते दाखवतात. सार्थ अंक ६, ३, ५ हे तीनच. सेंटिमीटरमध्ये तीन होते, मीटरमध्येही तीन, मिलिमीटर करून ६.३५ लिहिलं तरी तीन. दशांश स्थळं एककाबरोबर बदलतात, सार्थ अंक बदलत नाहीत.

"दोन स्थळं घ्यायची हे तुला कोणी सांगितलं?" मी जरा जोरातच विचारलं.

"तुम्हीच," ती म्हणाली. "चौथीत असताना. रुपये-पैशांच्या गणितात."

काय बोलणार? खरंच होतं. रुपयाचे पैसे शंभर, म्हणून तिथे दशांश चिन्हापुढे दोनच स्थळं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, "उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत." पण हा नियम पैशांचा आहे, सगळ्या आकड्यांचा नाही, हे वाक्य मी कधी बोललोच नाही. यंदापासून बोलायला सुरुवात केली आहे. पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी नववी-दहावीत प्रत्येक उत्तर दोन स्थळांवर तोडत असेल, तर त्याचं मूळ बहुधा असंच एखाद्या फळ्यावर सापडेल. रागावू नका, फक्त विचारा, "हे माप घेतलं कशाने?" पट्टीने, व्हर्निअरने की तराजूने, आणि ते यंत्र कुठवर दाखवतं? तिथून बोलणं सुरू करा.

भाचीने चौथ्यांदा उदाहरण केलं. ७.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, ७.८ × १०³ किलोग्रॅम प्रति घनमीटर, पोलाद. मग तिनेच एक प्रश्न काढला. "मामा, पुस्तकात लोखंड ७.९ दिलंय. मग हा छर्रा पोलादाचा कशावरून, शुद्ध लोखंडाचा का नाही?" प्रश्न एकदम सरळ आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या मोजमापात नाही. आपल्या ७.८ मधला ८ डळमळीत आहे हे वर बघितलंच. तो ७.९ असूही शकतो. चांदी आणि पोलाद वेगळे ओळखायला शाळेचा तराजू पुरतो. लोखंड आणि पोलाद वेगळे करायला जास्त बारीक दाखवणारा तराजू लागेल, आणि व्यासही आणखी बारीक मोजावा लागेल. हा छर्रा बेअरिंगचा आहे आणि बेअरिंगचे छर्रे पोलादाचे करतात, हे आपल्याला गॅरेजमधून कळलं, घनतेवरून नव्हे. तक्त्यात शुद्ध लोखंड नव्हतंच, म्हणून तिच्या बाईंचं "पोलाद" बरोबर.

आता तुमच्यासाठी एक. एका धातूच्या घनाची बाजू व्हर्निअरने मोजली, १.२५ सेमी आली. त्याच तराजूवर वस्तुमान ५.३ ग्रॅम. वरच्या तक्त्यातला कोणता धातू? घनता दोन्ही एककांत लिहा, आणि जितके सार्थ अंक हवेत तितकेच ठेवा. झालं की तेच उदाहरण बाजू १.३ सेमी "घेऊन" पुन्हा करा आणि उत्तर किती सरकलं ते बाजूला लिहून ठेवा. माझी उत्तरं पुढच्या अंकात.